मंगळवार सकाळी सात चाळीस

२०२३ च्या लेबर डेच्या आधीचा शनिवार. मंडळाच्या गणपतीत मुलांचं छोटं नाटुकलं होतं आणि मी आमच्या बेसमेंटमध्ये सात-आठ मुलांना रांगेत उभं करून त्यांचे उच्चार सुधारत होते. सांगलीत सहा वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे असलं काम मंडळात आपोआप माझ्याकडे येतं. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. "अगं, क्लिनिकचे सगळे कॉम्प्युटर बंद पडलेत. कुणीतरी पैसे मागतंय."

माझे थोरले दीर दातांचे डॉक्टर आहेत. मध्य न्यू जर्सीत त्यांचं स्वतःचं क्लिनिक आहे. तीन खुर्च्या, पाच माणसं, आणि गेल्या बारा-तेरा वर्षांत जमलेले अडीच हजारांवर पेशंट. त्यातले निम्मे तरी तुमच्या-आमच्या ओळखीचे निघतील. त्या शनिवारी सकाळी फ्रंट डेस्कच्या बाई ७:४० ला आल्या. कॉम्प्युटर लावला, तर एक्स-रेचा प्रोग्राम उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे नवंच शेपूट लागलेलं, आणि स्क्रीनवर README.txt नावाची चिठ्ठी: तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक पत्त्यावर संपर्क करा. रॅन्समवेअर म्हणतात ते हेच. चोर माल नेतोच असं नाही, पण घराला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. आजकाल माल नेऊन वर कुलूपही लावतो.

हल्ला कसा झाला ते नंतर कळलं, आणि तो भाग इथे थोडक्यातच येईल. मला सांगायचंय ते पुढच्या तीन दिवसांबद्दल. दादांनी (दिरांना आम्ही सगळे दादाच म्हणतो) आदल्या जानेवारीत सायबर विमा घेतला होता. तो होता म्हणून क्लिनिक वाचलं, पण तो असूनही हातातून जाणार होता, तो फक्त एका पत्रापायी. ते पत्र मी लिहिलं, म्हणून मंडळाच्या संपादकांनी हा लेखही माझ्याच गळ्यात घातला.

शनिवार तर गोंधळातच गेला. बाईंनी ७:५५ ला दादांना फोन केला. दादांनी त्यांच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने फोनवरच सांगितलं की इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. ते बरोबरच होतं. पण घाबरून बाईंनी मधल्या खुर्चीजवळचा कॉम्प्युटर बटण दाबून बंदही केला. साडेनऊला तो गृहस्थ आला, आणि दादा पोचायच्या आत त्याने फ्रंट डेस्कचा एक कॉम्प्युटर पूर्ण पुसून नवा करायला घेतला. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. मंगळवारी पेशंट येणार, तोवर एक तरी यंत्र चालू करून द्यावं, एवढंच त्याच्या मनात. पण पुसलेल्या कॉम्प्युटरबरोबर चोराच्या पावलांचे ठसेही पुसले जातात. बंद केलेल्या यंत्राचंही तसंच. त्या वेळी आठवणीत, म्हणजे मेमरीत, जे काही चाललेलं असतं ते वीज गेली की जातं. म्हणून सरकारची सायबर सुरक्षा संस्था 'सिसा' सांगते की आधी नेटवर्कपासून तोडा, आणि तोडणं शक्यच नसेल तर मगच यंत्र बंद करा.

दुपारी बाराला दादांनी विम्याच्या एजंटला फोन केला. रेकॉर्ड केलेला आवाज आला, ऑफिस मंगळवारी सकाळी नऊला उघडेल. दादांनी निरोप ठेवला आणि निर्धास्त झाले. त्यांच्या मते विम्याला कळवून झालं होतं.

रविवारी सकाळी नवरा आणि मी त्यांच्याकडे पोहे घेऊन गेलो. कुणाच्या घरी असं काही झालं की तिथे चूल पेटत नाही, हे आपल्याकडचं इथेही खरंच आहे. मी सहज विचारलं, "पॉलिसीत काय लिहिलंय?" दादा म्हणाले, "पॉलिसी क्लिनिकच्या कॉम्प्युटरवरच आहे." म्हणजे तीही कुलूपबंद. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. शिवाय नंतर वकीलबाईंनी सांगितलं की हे चोर आत शिरल्यावर विम्याची कागदपत्रं मुद्दाम शोधतात. विम्याची मर्यादा किती ते कळलं की तेवढीच खंडणी मागतात.

जाऊबाईंना मात्र कागद जपायची सवय. टॅक्सच्या फायलींच्या खणात, घराच्या विम्यामागे, छापील पॉलिसी सापडली. बेचाळीस पानं. मी एमएला जुनी मोडी कागदपत्रं वाचली आहेत, त्यामुळे कंटाळवाणा मजकूर शेवटपर्यंत वाचायची मला भीती नाही. पहिल्या पानांवर काय-काय मिळणार याची यादी असते. ती सगळेच वाचतात. मी मागून सुरुवात केली. तिथे 'अटी' नावाचा भाग असतो आणि त्यात सूचनेचं कलम.

त्या कलमात चार गोष्टी होत्या. एक, घटना लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. दोन, कळवायचं म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या हॉटलाइनला फोन करायचा आणि त्याच पानावरच्या ईमेल पत्त्यावर लेखी द्यायचं. तीन, लेखी सूचनेत काय झालं, केव्हा कळलं आणि तोवर काय-काय केलं, हे असायला हवं. चार, कंपनीच्या आधी घेतलेल्या संमतीशिवाय केलेला खर्च आणि दिलेली खंडणी भरून मिळणार नाही.

सगळ्याच पॉलिसींत ७२ तास नसतात. बऱ्याच ठिकाणी 'शक्य तितक्या लवकर' एवढंच असतं, काही ठिकाणी वेगळे आकडे. मात्र आमच्या कलमात 'कामकाजाचे तास' हा शब्द कुठेच नव्हता, हे मी दोनदा पाहिलं. म्हणजे रविवार धरायचा, लेबर डेचा सोमवारही धरायचा. मी जेवणाच्या टेबलावर पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. शनिवार सकाळी ७:४० पासून ७२ तास म्हणजे मंगळवार सकाळी ७:४०. एजंटचं ऑफिस उघडणार मंगळवारी नऊला. दादांचा निरोप कुणी ऐकेपर्यंत मुदत संपून एक तास वीस मिनिटं झाली असती.

एजंट आणि विमा कंपनी एकच, असं आपल्याला वाटतं. कारण पॉलिसी त्यानेच आणून दिलेली असते, दिवाळीला मिठाईचा डबाही तोच पाठवतो. पण इथले स्वतंत्र एजंट पुष्कळदा आपल्या वतीने कंपनी शोधणारे असतात. पॉलिसीने तसं स्पष्ट म्हटलं नसेल, तर त्यांना कळवलं म्हणजे कंपनीला कळवलं असं धरून चालता येत नाही. आमच्या पॉलिसीत तर एजंटचं नाव सूचनेच्या कलमात नव्हतंच.

घड्याळ ७:४० पासून धरायचं की ७:५५ पासून, यावर नवऱ्याने मुद्दा काढला. पॉलिसीत 'लक्षात आल्यापासून' म्हणजे मालकाला किंवा व्यवस्थापकाला कळल्यापासून, असं लिहिलेलं होतं. मालकाला कळलं ७:५५ ला. बरोबर होतं त्याचं. पण ती पंधरा मिनिटं वापरायची वेळच येऊ नये, म्हणून आम्ही आधीची वेळ धरली, आणि पत्रात मात्र दोन्ही वेळा लिहिल्या.

खरा वाद दादांशी झाला. ते म्हणाले, "अगं, अजून काय झालंय तेच आपल्याला माहीत नाही. किती फाइली गेल्या, पेशंटची माहिती बाहेर गेली का, काही कळलेलं नाही. कॉम्प्युटरवाला मंगळवारपर्यंत सगळं शोधून देतो म्हणाला. अर्धवट कशाला कळवायचं? डॉक्टर तपासल्याशिवाय निदान लिहितो का?" मी म्हटलं, "दादा, आपल्याला निदान लिहायचं नाही. पेशंट किती वाजता आला, ताप किती होता, आणि घरून काय औषध देऊन आणलंय, एवढंच लिहायचंय." हे त्यांना पटलं, म्हणण्यापेक्षा पोचलं. कलमात तीन गोष्टी मागितल्या होत्या आणि त्या तिन्ही आम्हाला रविवारी माहीत होत्या. नुकसान किती, चोर कोण, तो कसा शिरला, हे त्यात कुठेच मागितलेलं नव्हतं.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. पुसलेल्या कॉम्प्युटरबद्दल लिहायचं का? दादांना वाटत होतं की ते वगळावं, उगाच कंपनीच्या हातात काठी कशाला द्यायची? आमच्या सांगलीच्या शाळेत मुख्याध्यापकांचा एक नियम होता. हजेरीपटावर चूक झाली तर खोडायचं नाही, आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी म्हटलं, तपास करणारी माणसं येतील तेव्हा एक कॉम्प्युटर शनिवारी दुपारचा नवा कोरा निघेल. ते त्यांना पाच मिनिटांत दिसेल. तेव्हा प्रश्न 'का पुसला' हा राहणार नाही, 'का लपवलं' हा होईल. दादा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "लिही."

११:२० ला हॉटलाइनला फोन केला. पलीकडच्या माणसाने नाव, पॉलिसी नंबर, घटना एवढं विचारून एक संदर्भ क्रमांक दिला. मग दोन सूचना केल्या. कुठलंच यंत्र आता पुसू नका, आणि बॅकअप कुठल्याही यंत्राला जोडू नका. लेखी सूचना आजच पाठवा, असंही सांगितलं.

पत्र कुठून पाठवायचं, हाही प्रश्न होता. क्लिनिकचा ईमेल चोर वाचत असतील तर? त्यांना कळायला नको की विमा आहे. म्हणून दादांनी क्लिनिकमध्ये कधीच न उघडलेला त्यांचा खाजगी ईमेल स्वतःच्या फोनवरून वापरला. मजकूर मी लिहिला, पण पाठवला त्यांनी, कारण विमा त्यांच्या क्लिनिकचा. पत्र अर्थातच इंग्रजीत होतं. त्याचा मराठीत मजकूर साधारण असा:

"विषय: रॅन्समवेअर हल्ल्याची सूचना. पॉलिसी क्रमांक अमुक, संदर्भ क्रमांक अमुक.

पॉलिसीतल्या सूचनेच्या कलमानुसार आम्ही कळवतो की आमच्या क्लिनिकच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आहे. शनिवार, २ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी ७:४० वाजता कर्मचाऱ्याच्या आणि ७:५५ वाजता मालकाच्या लक्षात आला. आज, रविवार ३ सप्टेंबर रोजी सकाळी ११:२० वाजता हॉटलाइनवर तोंडी सूचना दिली आहे. एक सर्व्हर आणि सहा संगणक आहेत. सर्व्हर आणि किमान चार संगणकांवरील फाइली उघडत नाहीत. चिठ्ठीचे फोटो सोबत आहेत.

आतापर्यंत केलेल्या गोष्टी: शनिवारी सकाळी ८:२५ ला इंटरनेटची वायर काढली आणि वायफाय बंद केलं. त्याच सुमारास एक संगणक बटणाने बंद करण्यात आला, तो तेव्हापासून बंदच आहे. ८:४० ला चिठ्ठीचे फोनवरून फोटो काढले. १०:१५ ते १२:४० दरम्यान आमच्या संगणक तंत्रज्ञाने फ्रंट डेस्कचा एक संगणक पुसून पुन्हा तयार केला. हे तुमच्या सूचनेआधी झालं. त्या संगणकाला तेव्हापासून कुणीही हात लावलेला नाही. सर्व्हरला जोडलेली बॅकअपची डिस्कही कुलूपबंद झाली आहे. क्लाउडवर गुरुवार रात्रीपर्यंतचा बॅकअप असावा, तो आम्ही उघडलेला नाही. शनिवारी दुपारी १२:१० ला एजंटच्या फोनवर निरोप ठेवला. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवरून बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदलले. खंडणी मागणाऱ्यांशी कोणताही संपर्क केलेला नाही, चिठ्ठीतला दुवा उघडलेला नाही आणि कुणालाही पैसे दिलेले नाहीत. तंत्रज्ञाने शनिवारच्या कामाचे १,८०० डॉलर सांगितले आहेत, ते अजून दिलेले नाहीत.

आम्हाला अजून माहीत नसलेल्या गोष्टी: हल्लेखोर कसा शिरला, आणि पेशंटची माहिती बाहेर नेली गेली का.

मंगळवारी क्लिनिक उघडणं शक्य नाही. वकील, तपास तज्ज्ञ आणि यंत्रणा पुन्हा उभी करण्याचा खर्च यांसाठी आम्ही तुमची संमती मागत आहोत. ही सूचना पॉलिसीतल्या लागू असलेल्या सर्व कलमांखाली धरावी. नवी माहिती मिळेल तशी कळवू."

दुपारी २:३५ ला ते गेलं. ७:४० पासून मोजले तर एकतीस तासही झाले नव्हते. 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत मी कुणाला उठू दिलं नाही. पाठवल्याचा आणि पोचल्याचा, दोन्हींचा पुरावा लागतो. उत्तर ३:१० ला आलं, आणि मग आम्ही सकाळचे पोहे गरम करून खाल्ले.

संध्याकाळी पाचला क्लेम बघणारा माणूस, म्हणजे ॲडजस्टर, याचा फोन आला. सोमवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या यादीतल्या वकीलबाई आणि तपास करणारे दोघे आमच्याशी बोलत होते. यादी महत्त्वाची असते. दादांचे एक वकील मित्र आहेत, त्यांनी आपण होऊन मदत करायची तयारी दाखवली होती. पण यादीबाहेरचा माणूस घेतला असता तर त्याची फी मिळेलच याची खात्री नव्हती. लेखी संमती आल्यानंतरचा सगळा खर्च कंपनीने भरला, आमचे पहिले ५,००० डॉलर सोडून. शनिवारचे १,८०० मात्र भरले नाहीत. ते संमतीच्या आधीचे होते, कलमात तसंच लिहिलं होतं, आणि दादांनी ते स्वतः दिले. कॉम्प्युटरवाल्यावर त्यांचा राग नाही. तो आजही त्यांच्याकडेच आहे.

पत्रातल्या वेळा आणखी एका ठिकाणी कामाला आल्या, ज्याचा मी लिहिताना विचारही केला नव्हता. क्लिनिक बंद राहिल्याने बुडालेलं उत्पन्नही पॉलिसीत मिळत होतं, पण पहिल्या १२ तासांनंतरचं. ते १२ तास कधी सुरू झाले, हे आमच्याच ७:४० वरून ठरलं. ते शनिवारी रात्री ७:४० ला संपले, म्हणजे शनिवारचे पेशंट आमच्या पदरात आणि मंगळवारपासूनचे कंपनीच्या. कुठले पेशंट येणार होते हे दाखवायला कुलूपबंद प्रोग्रामचा उपयोग नव्हता. पेशंटना आदल्या दिवशी आठवणीचे मेसेज पाठवणारी सेवा बाहेरची होती, तिच्यातून पूर्ण आठवड्याची यादी निघाली. क्लिनिक सहा कामाचे दिवस बंद होतं. खंडणी द्यावी लागली नाही, कारण क्लाउडवरचा गुरुवारचा बॅकअप शाबूत निघाला. शुक्रवारचं काम कागदावरून पुन्हा भरावं लागलं.

चोर शिरला होता एक्स-रे यंत्र विकणाऱ्या कंपनीसाठी उघडलेल्या खात्यातून. त्यांच्या माणसाला दूरवरून यंत्र तपासता यावं म्हणून ते उघडलं होतं. पासवर्ड सोपा आणि फोनवर येणारा दुसरा कोड नाही. हे कळल्यावर कंपनीचं एक पत्र आलं, ज्याने दादांची झोप उडाली. आम्ही क्लेमचं काम चालू ठेवत आहोत, पण नकार देण्याचा हक्क राखून ठेवतो, असं त्यात होतं. कारण जानेवारीतल्या अर्जावर दादांनी 'बाहेरून येणाऱ्या सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी आहे का' या प्रश्नावर 'हो' अशी खूण केली होती.

वकीलबाईंनी हे हलकं घेतलं नाही. २०२२ मध्ये ट्रॅव्हलर्स या मोठ्या विमा कंपनीने इलिनॉयच्या कोर्टात असाच दावा लावला होता. ग्राहकाने अर्जात दुहेरी पडताळणी आहे असं लिहून दिलं होतं, रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर ती फक्त फायरवॉलपुरतीच निघाली. कंपनीने पॉलिसी मुळापासूनच रद्द करायची मागणी केली, आणि शेवटी दोन्ही पक्षांच्या संमतीने ती रद्द झाली. आमच्या बाबतीत सुटका एका तारखेने झाली. एक्स-रे यंत्र मे महिन्यात आलं, ते खातं मे महिन्यात उघडलं गेलं, म्हणजे जानेवारीत दिलेलं उत्तर त्या दिवशी खरं होतं. यंत्र बसवल्याची पावती जाऊबाईंच्याच खणात होती. पंधरा दिवसांनी कंपनीने ती राखीव भाषा मागे घेतली.

रविवारी आम्ही कळवलं नसतं आणि मंगळवारी दुपारी कळवलं असतं, तर काय झालं असतं? हे मी वकीलबाईंना विचारलं, कारण एवढ्याशा उशिराने कंपनीचं काय बिघडलं असतं, असं मलाही वाटत होतं. त्यांनी न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा एक निकाल सांगितला. तो सायबरचा नाही, कंपनीच्या संचालकांवरच्या दाव्यांच्या विम्याचा आहे, पण मुदतीचा प्रश्न तोच. तिथे ग्राहकाने पॉलिसीच्या काळातच कळवलं होतं, पण 'शक्य तितक्या लवकर' कळवायचं असताना दावा हाती आल्यावर सहा महिन्यांनी. उशिरामुळे विमा कंपनीचं नुकसान झालं असं तिने सिद्ध करायची गरज नाही, असं कोर्टाने म्हटलं. तो ग्राहक मात्र जाणकार व्यावसायिक होता, दलालामार्फत घासाघीस करून पॉलिसी घेतलेला. तुमच्यासारख्या छोट्या क्लिनिकसाठी कदाचित वेगळा युक्तिवाद करता आला असता, असं वकीलबाई म्हणाल्या. पुढे हसून म्हणाल्या, "पण तो युक्तिवाद करायला वकील तुम्हाला स्वतःच्या पैशाने लावावा लागला असता."

विम्याला कळवलं म्हणजे सगळ्यांना कळवलं, असं मात्र नाही, हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. पेशंटची माहिती होती म्हणून आरोग्य खात्याचं वेगळं घड्याळ चालू झालं होतं. रॅन्समवेअरने पेशंटच्या फाइली कुलूपबंद केल्या की माहिती फुटली असंच आधी गृहीत धरतात, आणि तसं झाल्याची शक्यता कमी आहे हे दाखवायची जबाबदारी आपली. आम्हाला ते दाखवता आलं नाही. म्हणून प्रत्येक पेशंटला ६० दिवसांच्या आत पत्र, आणि पाचशेच्या वर पेशंट असल्याने केंद्रीय आरोग्य खात्याला आणि वर्तमानपत्रांनाही. आमच्यासाठी ती तारीख १ नोव्हेंबर. त्याआधी, पेशंटना कळवण्यापूर्वी, न्यू जर्सी राज्य पोलिसांकडे नोंद. एफबीआयकडे ic3.gov वर तक्रार आम्ही सोमवारीच केली होती. पत्रं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. तुमच्यापैकी कित्येकांना मिळाली असतील. दसऱ्याच्या कार्यक्रमात दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांना सगळं सांगितलं.

सगळा हिशेब मार्चमध्ये संपला. या जानेवारीत नूतनीकरणाचा फॉर्म आला, तेव्हा दादा तो घेऊन आमच्याकडे आले. दुहेरी पडताळणीचा प्रश्न आता चार उपप्रश्नांत फोडलेला होता. त्यात बाहेरच्या विक्रेत्यांच्या खात्यांचा एक वेगळा. दादांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, एकेक खातं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि मगच खूण केली. एका ठिकाणी 'नाही' अशी केली. हप्ता वाढला. जाऊबाईंनी पॉलिसीचं पहिलं पान, हॉटलाइनच्या नंबरसकट, झेरॉक्स करून फ्रिजवर लावलं आहे. शेजारी आमच्या नाटुकल्याचा फोटो आहे.